काळजाचा तुकडा आणि सहाचा गजर

मित्राने चाल पाठवली, म्हणाला शब्द लिही, दुःखी हवेत. मी एका रात्रीत 12 ओळी लिहिल्या आणि स्वतःवरच खूश होऊन ताईला मुखडा वाचून दाखवायला बसलो. "डोळ्यांत..." म्हणून श्वास घ्यायला थांबलो तर तीच म्हणाली, "पाऊस?" पुढे "काळजाचा तुकडा तुटून गेला" ऐकल्यावर म्हणे, "मुलगा हॉस्टेलला गेला का रे?" खरंच की, काळजाचा तुकडा म्हणजे पोटचं पोर, मला तुटलेलं काळीज म्हणायचं होतं!

मग लाल पेन घेतलं. परीक्षा ताईचीच, अर्धी ओळ वाचायची आणि पुढचं तिने ओळखलं की काट मारायची. आसवं 4 ठिकाणी, पाऊस 3 ठिकाणी, काळीज 2 वेळा फुटलेलं. कागद बघून कोणी माझ्यावर प्रथमोपचार केले असते.

आधी मी अतिशहाणपणा केला, "मनाचा सर्व्हर डाऊन झाला" वगैरे. नवीन होतं, पण ऐकून रडण्याऐवजी कोणीतरी राउटर बंद-चालू करायला उठलं असतं. शेवटी उपमा शोधणं सोडलं आणि ती मला सोडून गेल्यावर घरात नक्की काय उरलं ते आठवायला लागलो, तर एकच सापडलं: मी पळायला जावं म्हणून तिने माझ्या फोनमध्ये लावलेला सहाचा अलार्म. पळणं कधीच सुटलं, अलार्म मात्र काढवत नाही.

आता हे चालीत बसवायचं म्हणजे खरी गंमत. ओळीला 19 मात्रा, आणि शेवटचा स्वर लांबवायचा. "आला", "गेला" उगाच नाही सगळीकडे सापडत, आ वर तोंड उघडतं आणि आवाज हवा तेवढा ताणता येतो. मी शेवटी "अलार्म" ठेवला तर म वर ओठ मिटले, मित्राने गाऊन पाठवलं ते भुंगा अडकल्यासारखं. "गजर" केला तर र वर जीभ अडली. मग शब्दच फिरवले:

तुझा गजर रोज सहाला वाजतो
मी उठून तो बंद करतो, निजतो

बोटांवर मोजलं, 19 आणि 19, शेवटी ओ, यमकपण आपोआप. पाऊस पूर्ण हाकलला नाही हं, फक्त कडव्यात तिचा खुंटीवरचा रेनकोट आणला, कोरडा ठाक. पाऊस नाही पण पावसाचं काम झालं. आसवांना मात्र एकही जागा दिली नाही.

ताईला परत वाचून दाखवलं. "तुझा गजर" ला थांबलो, तिला पुढचं ओळखता आलं नाही, मी मनात उड्या मारल्या. पूर्ण ऐकून ती गप्प बसली. मग म्हणाली, "कोण रे ती?"

एवढी आसवं ढाळली तेव्हा हिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. म्हटलं काल्पनिक आहे गं, कवीचं असतं तसं.

दुसऱ्या दिवशी सहाला अलार्म वाजला आणि बंद करायला माझ्याआधी ताई येऊन उभी.