०.८४ टक्के नव्हे, ०.८४ टक्केबिंदू

"लस ९५ टक्के परिणामकारक म्हणून सांगितली, खरा आकडा फक्त ०.८४ टक्के! तक्त्यातले दोन्ही खांब बघा. शंभरात एकालाही फायदा नाही. कंपनीने हा आकडा लपवून ठेवला. आणि कुणी टक्के आणि टक्केबिंदू असा फरक सांगायला लागला, तर समजा पळवाट काढतोय. टक्के म्हणजे टक्के."

कोविडच्या लसीबद्दलचा हा निरोप आणि त्यासोबतचा ९५ आणि ०.८४ अशा दोन खांबांचा तक्ता मी आजवर अनेकदा पाहिला आणि पुढे सरकलो. गेल्या आठवड्यात मात्र तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. तिने फोनवर विचारले, "अरे, मी चाचणीच्या आकड्यांची वजाबाकी करून पाहिली, ती बरोबर येते. मग खोटे काय आहे?" मावशी हिशेबाला पक्की आहे आणि तिची वजाबाकी खरोखरच बरोबर होती. म्हणूनच हे उत्तर लिहावे लागत आहे, कारण या तक्त्यात चूक आकड्यात नाही, आकड्यापुढे लिहिलेल्या शब्दात आहे.

मूळ आकडे फायझर–बायोएनटेक लसीच्या चाचणीचे आहेत आणि ते डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी संसर्ग न झालेल्या आणि दुसऱ्या मात्रेनंतर किमान सात दिवस उलटलेल्या लोकांपैकी लस घेतलेल्या १८,१९८ जणांमध्ये ८ रुग्ण आढळले, तर प्लासिबो म्हणजे औषध नसलेली टोचणी घेतलेल्या १८,३२५ जणांमध्ये १६२. टक्केवारीत मांडले, तर प्लासिबो गटातले ०.८८ टक्के लोक आजारी पडले आणि लस गटातले ०.०४ टक्के. या दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी ०.८४ येते. तीच वजाबाकी मूळच्या ०.८८ शी ताडून पाहिली, की घट ९५ टक्के येते. दोन्ही उत्तरे एकाच जोडीतून निघाली आहेत आणि दोन्ही खरी आहेत. फक्त पहिले उत्तर टक्केबिंदूंत, म्हणजे दोन टक्केवाऱ्यांमधल्या सरळ फरकात आहे आणि दुसरे टक्क्यांत.

आता 'टक्के म्हणजे टक्के' या वाक्याकडे वळू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. तक्त्यावरचा शब्द बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे: तो आकडा त्याच शब्दासह मूळ संख्येला लावून पाहावा आणि दुसरी संख्या येते का ते तपासावे. लस जर खरोखर '०.८४ टक्के परिणामकारक' असती, तर तिने १६२ रुग्णांतले ०.८४ टक्के रुग्ण कमी केले असते. १६२ चे ०.८४ टक्के म्हणजे दीडाहूनही कमी. याचा अर्थ लस घेतलेल्या गटात सुमारे १६१ रुग्ण सापडायला हवे होते. सापडले ८. हीच परीक्षा ९५ टक्क्यांना लावली, की १६२ मधून सुमारे १५४ वजा होतात आणि ८ उरतात. ज्याला पळवाट म्हटले आहे, तो १६१ आणि ८ यांच्यातला फरक आहे.

या गोंधळाला आपली भाषाही थोडा हातभार लावते. 'प्रमाण पाच टक्क्यांनी घटले' असे आपण दोन्ही अर्थांनी म्हणतो. चाळीस टक्क्यांचे पस्तीस टक्के झाले, तरी 'पाच टक्क्यांनी', आणि चाळीसाचे अडतीस झाले, तरीही 'पाच टक्क्यांनी'. बोलताना संदर्भाने निभावून जाते, पण तक्त्याखालच्या एका ओळीत संदर्भ नसतो. 'पर्सेंटेज पॉइंट'ला मराठीत टक्केबिंदू म्हणणे काहींना जड वाटते हे मला मान्य आहे. त्यांनी तो शब्द वापरू नये. '४० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर' असे दोन्ही आकडे देऊन लिहावे, शंका उरत नाही. पण 'पाच टक्क्यांनी' एवढेच लिहून वाचकावर सोडून देऊ नये.

मला वाटते, असा चुकीचा शब्द अनेकदा कुणी मुद्दाम लिहीतही नाही, तो स्प्रेडशीटमधून आपोआप येतो. समजा, `B2` मध्ये प्लासिबो गटाचे प्रमाण आहे, `C2` मध्ये लस गटाचे, आणि दोन्ही चौकटींना टक्क्यांचे स्वरूप दिलेले आहे. मग ही दोन सूत्रे पाहा:

```
=B2-C2
=(B2-C2)/B2
```

पहिल्या चौकटीत 0.84% दिसते आणि दुसऱ्या चौकटीलाही टक्क्यांचे स्वरूप दिले, की तिथे 95.03% दिसते. शेवटी चिन्ह दोन्हीकडे एकच. यंत्राच्या लेखी ते ०.००८४ आणि ०.९५०३ आहेत, एक वजाबाकी आहे आणि दुसरे गुणोत्तर, हे त्याला ठाऊक नसते. मग तक्ता काढणारा दोन्ही चौकटी निवडतो, एकाच अक्षावर दोन खांब उभे करतो, आणि एक खांब आभाळाला टेकतो तर दुसरा जमिनीवरून दिसतही नाही. निरोपातला तक्ता नेमका असाच आहे. हे दोन खांब शेजारी ठेवणे म्हणजे एका पट्टीवर किलो आणि किलोमीटर मोजणे.

उपाय फार लहान आहे. वजाबाकीच्या चौकटीत `=(B2-C2)*100` लिहावे आणि तिचे स्वरूप `0.00" टक्केबिंदू"` असे ठेवावे, म्हणजे चिन्ह आपोआप चिकटत नाही आणि शब्द आकड्यासोबतच प्रवास करतो. दोन्ही आकडे दाखवायचेच असतील, तर दोन वेगळे तक्ते काढावेत. एका अक्षावर ते कधीही बसत नाहीत.

'शंभरात एकालाही फायदा नाही' हा मुद्दा सर्वांत घातक, कारण तो ऐकून माणसे पुढचे निर्णय घेतात. ०.८४ टक्केबिंदूंचा अर्थ असा की, साधारण ११९ जणांना लस दिली, तर एक आजार टळला. पण किती काळात? त्या चाचणीत दुसऱ्या मात्रेनंतरचा पाठपुरावा मध्यम मानाने दोन महिन्यांचा होता. टक्केबिंदूंतला फरक मोजणी कधी थांबवली यावर अवलंबून असतो, आणि इथे मोजणी रुग्णांच्या संख्येवर थांबायची होती: १६४ रुग्ण झाले की अंतिम विश्लेषण करायचे, असे आधीच ठरले होते, आणि प्रत्यक्षात ते १७० वर झाले. म्हणजे ०.८८ टक्के हा आकडा आजाराचा एकूण धोका नाहीच. तो फक्त त्या थोड्या महिन्यांतला वाटा आहे. समजा, साथ दहापट फैलावेपर्यंत मोजणी चालू राहिली असती आणि लसीचा प्रभाव तेवढाच टिकला असता, तर प्लासिबो गटात ८.८ टक्के आणि लस गटात ०.४४ टक्के लोक आजारी पडले असते. फरक ८.४ टक्केबिंदूंवर गेला असता, घट मात्र ९५ टक्केच राहिली असती. ज्या आकड्याला निरोपात लसीचा 'खरा' गुण म्हटले आहे, त्यात लसीइतकाच साथीचा वेग आणि घड्याळ मिसळलेले आहे. अर्थात, ९५ हाही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तो विषाणूच्या तेव्हाच्या रूपाला आणि त्या महिन्यांना लागू होता. पुढे विषाणू बदलला, संरक्षणही ओसरत गेले.

लपवाछपवीच्या आरोपावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. ८, १६२ आणि दोन्ही गटांची संख्या त्या प्रसिद्ध लेखाच्या कोष्टकात छापलेली आहे. मावशीने जी वजाबाकी केली, ती कुणालाही पहिल्या दिवसापासून करता येत होती.

तरीही एक गोष्ट नाखुशीने कबूल करतो. निरोप तयार करणाऱ्याच्या हाती जो धागा लागला, तो खोटा नव्हता. २०२१ मध्ये 'लॅन्सेट मायक्रोब'मधील एका टिपणात म्हटले होते की, लसींच्या बातम्यांत फक्त सापेक्ष घट, म्हणजे मूळ प्रमाणाच्या तुलनेतली घट सांगितली जाते, दोन गटांतला सरळ फरकही सांगायला हवा. ते म्हणणे योग्य आहे. लस निरुपयोगी आहे असे मात्र त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. दुर्दैवाने तिथेही सरळ फरकापुढे टक्क्याचेच चिन्ह छापले होते. नुसता '९५ टक्के' वाचून अनेकांनी 'लस घेतलेल्या शंभरातले पाच जण आजारी पडणारच' असा अर्थ काढला, तोही चूक होता; चाचणीत लस घेतलेल्या दहा हजारांमागे चार जण आजारी पडले होते.

नुसती सापेक्ष टक्केवारी सांगण्याने काय होते याचे उदाहरण उलट्या दिशेचे आहे. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला. दुप्पट म्हणजे १०० टक्के वाढ. प्रत्यक्षात सात हजार स्त्रियांमागे एकीऐवजी दोघी, म्हणजे सुमारे ०.०१४ टक्केबिंदूंची वाढ. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. तिथे टक्क्यांसोबत टक्केबिंदू सांगायला हवे होते. इथे टक्केबिंदूंना टक्के म्हणून खपवले गेले.

मावशीला मी नवा तक्ता काढून पाठवला. त्यात फक्त दोन खांब ठेवले: दहा हजारांमागे ८८ रुग्ण आणि दहा हजारांमागे ४ रुग्ण. अक्षावर लिहिले, 'दर दहा हजार लोकांमागे आजारी पडलेले, सुमारे दोन महिन्यांत'. खाली एक ओळ दिली: 'फरक ०.८४ टक्केबिंदू, मूळ प्रमाणाच्या तुलनेत घट ९५ टक्के'. तिचे उत्तर आले, "यात तो ९५ चा उंच खांब कुठे गेला?" मी लिहिले की तो खांब नव्हताच, पहिल्या खांबाचा जेवढा भाग दुसऱ्यात उरला नाही, तोच ९५ टक्के. थोड्या वेळाने तिने तोच तक्ता, खालच्या ओळीसकट, घरच्या गटात टाकला.