प्रतिक्रियेला उत्तर: ६०,००० किलोमीटर आणि रिकामी गाडी

> "तुमचा ६०,००० किमीचा ब्रेक-इव्हन बोगस आहे, परतीची रिकामी ट्रिप धरलेलीच नाही. बँकेचे हप्ते पण कुठे दिसत नाहीत. लीजबद्दल दोन ओळी लिहून मोकळे झालात. खुर्चीत बसून ट्रक चालत नाहीत साहेब."

स्वतःचा ट्रक घ्यावा, भाड्याचा लावावा की लीजवर घ्यावा, या माझ्या लेखावरची ही प्रतिक्रिया. वर्षाला ६०,००० किमी झाले की स्वतःच्या गाडीचा खर्च भाड्याच्या गाडीच्या बरोबरीला येतो, तोच ब्रेक-इव्हन, असं मी त्यात लिहिलं होतं. साहेब, आधी त्या 'बोगस' शब्दाचं बघू. हिशोब चुकला असेल तर चुकला म्हणा, अर्धवट म्हणा, ऐकून घेईन. बोगस म्हणजे मी लोकांना मुद्दाम फसवलं असा अर्थ होतो, आणि हे तुम्ही नाव न टाकता लिहिताय.

खुर्चीचं म्हणाल तर आठ वर्षं माझ्या नावावर दोन गाड्या होत्या. पहिल्या वर्षी एका गाडीचं मीटर ८४,००० किमी फिरलं, मी खूश, ६०,००० कधीच पार झाले म्हणून. पण माझ्यासोबतचा एकजण लागेल तशी भाड्याची गाडी लावायचा, तो माझ्यापेक्षा निवांत कसा हे काही कळेना. शेवटी एका रात्री बिल्ट्यांचा, म्हणजे माल भरलेल्या ट्रिपांच्या पावत्यांचा, गठ्ठा जमिनीवर पसरला आणि एकेक ट्रिपचे किमी वहीत उतरवले. बेरीज आली ५२,०००. म्हणजे ३२,००० किमी मी नुसती हवा वाहिली होती, डिझेल जाळून. तेव्हा रिकामी ट्रिप काय असते हे निदान मला तरी शिकवू नका.

एक कबूल. लेखात नुसतं 'किमी' लिहिलं, तिथे 'भरलेले किमी' लिहायला हवं होतं. एक शब्द राहिला. पण त्या एका शब्दावरून अख्खा हिशोब बाद होत नाही, ते कसं बघा.

लेखातले आकडे असे होते: स्वतःच्या गाडीचा वर्षाचा बांधील खर्च १२ लाख, चालवायचा खर्च किमीला ३०, भाड्याची गाडी किमीला ५०. चलन कुठलंही समजा. दर किमीला २० वाचतात, १२ लाखाला २० ने भागा, ६०,०००. भाड्याच्या गाडीला पैसे भरलेल्या किमीचेच जातात, आपली गाडी मात्र परत येताना पण खाते, म्हणून तुलना भरलेल्या किमीवर करायची. १०० किमीतले ४० रिकामे गेले तर खर्च ३,०००, आणि ६० किमीचं वाचलेलं भाडंही ३,०००. बांधील खर्चासाठी हातात शून्य, मग वर्षाला कितीही पळवा, बरोबरी येतच नाही. माझं पहिलं वर्ष साधारण याच्याच जवळचं होतं.

पण रिकामी गाडी भरलेल्याइतकं डिझेल पीत नाही हो, टायरही कमी झिजतात. रिकाम्या किमीला २४ धरा आणि चारातला एक किमी रिकामा धरा. तीन भरलेल्या किमीमागे ९० अधिक २४ म्हणजे ११४ खर्च, एकामागे ३८. बचत २० वरून १२ वर आली आणि बरोबरी गेली १ लाख भरलेल्या किमीवर, मीटरवर सव्वा लाखाच्याही पुढे. एवढं बऱ्याच गाड्यांच्याने होत नाही, लोडिंगच्या रांगेतच दिवस जातात.

आता तुम्ही सोडलेली गोष्ट. जिथून परतीचा माल मिळत नाही तिथला भाड्याचा दर पण चढा असतो, गाडीवाला आपला रिकामा फेरा त्यातच वसूल करतो. त्या रूटला ५० च्या जागी ५८ पडत असेल तर बचत परत २० आणि बरोबरी परत ६०,००० भरलेल्या किमीवर, मीटर ८०,०००. म्हणजे आपल्या रूटचा खरा दर न विचारता माझा आकडा बोगस ठरवणं, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

हप्त्यांचं एका ओळीत: मुद्दल खर्चात येत नाही, घसारा आणि व्याज येतं, आणि ते दोन्ही त्या १२ लाखांत आहेत, हप्ता वर घातलात की गाडीची किंमत दोनदा मोजली. हप्ता भरायला महिन्याला रोख आहे का, हा वेगळा प्रश्न.

लीजबद्दल दोन ओळी लिहिल्या कारण तिथे अॅग्रीमेंट वाचल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. मेंटेनन्स लीजवाल्याकडे असेल तर बांधील खर्च वाढतो, किमीचा कमी होतो, पण बहुतेक वेळा वर्षाला किमीची मर्यादा असते आणि ती ओलांडली की जादा आकार. ती मर्यादा मीटरवर मोजतात, बिल्टीवर नाही, म्हणजे तुमचे रिकामे किमी त्यात पण जातात. हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं?

असो. तुमच्या एका गाडीचं वर्षाचं मीटर, बिल्ट्यांची बेरीज आणि त्याच रूटचा भाड्याचा दर, तीन आकडे इथे टाका, मी हिशोब करून देतो. चुकलो तर लेख बदलीन. आणि नाव टाकून लिहा.