घसा सुकतो, पण पाणी कमी पडल्यामुळे नाही

"व्हेपमध्ये नुसती वाफ असते आणि हुक्क्याचा धूर पाण्यातून गाळून येतो. घसा कोरडा पडला तर पाणी जास्त प्या. सुरुवातीला खोकला येतोच, सवय झाली की जातो." व्हेप आणि हुक्का ओढणाऱ्यांना असं सर्रास सांगितलं जातं.

नुसती वाफ असती तर घसा ओलावला असता. व्हेपच्या द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. दोन्ही पाणी ओढून घेणारी. त्यांचे बारीक थेंब घशात बसतात आणि तिथलाच ओलावा खेचतात. म्हणून पाणी प्यायलं की जरा बरं वाटतं आणि पुढच्या झुरक्याला पुन्हा तेच. करपट चव लागली तर आतला कापूस सुकून जळतोय. अशा वेळी फॉर्मल्डिहाइडसारखे झोंबणारे पदार्थ जास्त तयार होतात.

हुक्क्यातलं पाणी धूर गार करतं, गाळत नाही. गार धूर टोचत नाही, म्हणून तो खोल ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या 100 ते 200 पट धूर आत जाऊ शकतो. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड तर पाण्यात जेमतेम विरघळतो. डोकं ठणकलं, गरगरलं, मळमळलं की मंडळी 'चढली' म्हणून हसतात; ती विषबाधा असू शकते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तेव्हाही 98 दाखवेल, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं.

आता सवयीचं. हाच भाग मला सगळ्यात घातक वाटतो. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस कफ वर ढकलत असतात. या धुराने ते मंदावतात. मेन्थॉलचा गारवा टोचणं लपवतो. म्हणजे खोकला थांबला तरी इजा थांबलेली नसते.

समजा, 23 वर्षांचा एक मुलगा आहे. तीन महिने कोरडा खोकला, पहाटे जास्त, जिना चढताना छातीत शिट्टी. कफ सिरपच्या दोन बाटल्या संपल्या. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट?" तो म्हणाला, "नाही." खोटं नव्हतं, पण व्हेपचं राहूनच गेलं. पहाटेचा खोकला आणि शिट्टी दम्याकडे बोट दाखवतात, त्यासाठी फुंकून करायची स्पायरोमेट्री हवी. जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर खोकला आला असता तर आधी आम्लपित्ताचा विचार केला असता; निकोटिनने अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते. आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर स्वरयंत्र तपासून घ्यावं. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करावी. हुक्क्याची नळी चौघांत फिरत असेल तर नक्कीच.

खोकल्यासोबत धाप, छातीत दुखणं, ताप, उलट्या असतील किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी झालेल्या अनेक तरुणांची सुरुवात अशीच होती.

आणि सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. ते केस पुन्हा कामाला लागलेले असतात. "व्हेप होतं तेव्हा बरा होतो" म्हणत बरेच जण नेमके तिथेच परततात.