बिनपगारी रजा, पीएफ आणि विमा: ‘बंधनकारक आहे’ म्हणून गप्प बसू नका

“बिनपगारी रजेवर असलं तरी आपण नोकरीतच असतो. त्यामुळे आरोग्यविमा आणि पीएफ चालू ठेवणं कंपनीला बंधनकारकच आहे. अर्ज-विनंती कशाला? नाही भरलं तर सरळ पीएफ कार्यालयात तक्रार करा.”

असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. नोकरी टिकते, हे खरं. पण पीएफची वर्गणी हजेरीपटावरच्या नावावर ठरत नाही, त्या महिन्याच्या वेतनावर ठरते. बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे, तेवढेच कंपनीचे. महिनाभर वेतनच शून्य असेल तर १२ टक्केही शून्य. कंपनी मासिक विवरणात ते दिवस विनावर्गणी म्हणून दाखवते आणि हे नियमाला धरूनच असतं. त्यामुळे तक्रारीतून काही हाती लागत नाही. तुमचा वाटा तुम्ही स्वतः खात्यात टाकावा म्हटलं तर तेही जमत नाही, कारण ऐच्छिक जादा वर्गणीसुद्धा पगारातूनच जाते. आधी जमलेल्या रकमेवरचं व्याज मात्र थांबत नाही.

मग मागायचं काय? समजा बेसिक ३०,००० आहे, महागाई भत्ता वेगळा नाही आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. दोघांचे ३,६०० धरून दरमहा ७,२०० जमा होतात. सहा महिने शून्य वेतन म्हणजे ४३,२०० कमी. आता तुमच्याकडे २४ दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. ती सुरुवातीलाच सलग न संपवता दर महिन्याला चार दिवस अशी लावून द्यावी, अशी विनंती करा. दरमहा ४,००० बेसिक निघेल आणि त्यावर ४८० अधिक ४८० भरले जातील. सहा महिन्यांत जमा होणारी रक्कम ५,७६०, आणि सलग घेतली असती तरी एकूण तेवढीच. पण कोणताही महिना कोरा जात नाही. पीएफसोबत मिळणाऱ्या आयुर्विम्यासाठी याला महत्त्व आहे: २०२५च्या बदलानुसार शेवटच्या वर्गणीपासून सहा महिन्यांच्या आत, पटावर असताना मृत्यू झाला तर वारसांना लाभ मिळतो. रजा सहा महिन्यांपुढे जाणार असेल तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. अर्थात आधी अर्जित रजा संपवा मगच बिनपगारी, असा नियम अनेक कंपन्यांत असतो. म्हणूनच हे रजा मंजूर होण्याआधी बोलायचं असतं.

तुमच्या वाट्याचे राहिलेले १८,७२० रुपये परतल्यावर वर्षभर दरमहा १,५६० जादा कापायला सांगून भरून काढता येतात. कंपनीने तिचा वाटा त्या प्रमाणात वाढवावा, अशी सक्ती नाही.

विम्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि माझ्या मते खरी काळजी तिथेच घ्यायला हवी. गट विमा पॉलिसी कंपनीच्या नावावर असते आणि हप्ता बहुधा वर्षाचा आगाऊ भरलेला असतो. त्यामुळे तुमचं नाव यादीत ठेवायला कंपनीला सहसा जादा खर्च येत नाही; ही विनंती मान्य होण्याची शक्यता बरीच असते. पण ‘बंधनकारक’ म्हणून आपोआप होईल असं समजू नका. पॉलिसीत ‘प्रत्यक्ष कामावर असलेला कर्मचारी’ अशी अट आहे का, ते विचारा. आई-वडिलांचा हप्ता तुमच्या पगारातून कापला जात असेल तर पगार थांबल्यावर तो कसा भरायचा, तेही लेखी ठरवून घ्या.

नावं गळण्याचा धोका असतो तो पॉलिसीच्या नूतनीकरणाला. नवी यादी पगारपत्रकावरून काढली गेली, तर त्या महिन्यात ज्याचा पगार निघालेला नाही त्याचं नाव कुणाच्या लक्षातही न येता सुटू शकतं. पत्ता लागतो तो रुग्णालयात कॅशलेस नाकारलं जातं तेव्हा. नूतनीकरणाची तारीख रजेत येत असेल तर ती आधीच विचारून ठेवा, आणि त्यानंतरच्या आठवड्यात नवं ई-कार्ड डाउनलोड करून घरातल्या प्रत्येकाचं नाव तपासा. जुनं कार्ड फोनमध्ये दिसतंय, यावर विसंबू नका.

एचआरला पाठवायचा मेल पाच वाक्यांचा पुरे:

“माझी रजा अमुक ते अमुक तारखेपर्यंत आहे. या काळात माझं व कुटुंबाचं नाव गट आरोग्यविम्यात, नूतनीकरणानंतरच्या यादीतही राहील, याची लेखी खात्री द्यावी. माझ्या वाट्याचा हप्ता मी बँकेतून भरेन. शिल्लक अर्जित रजा दरमहा विभागून लावावी. पीएफ विवरणात माझे दिवस विनावर्गणी दाखवावेत, नोकरी सोडल्याची तारीख टाकू नये.”

शेवटचं वाक्य गाळू नका. काही ठिकाणी पगार थांबला की पीएफ नोंदीत नोकरी सोडल्याची तारीखच टाकली जाते. पीएफच्या सदस्य पोर्टलवर यूएएनने लॉगिन करून सेवा-इतिहासात ती लगेच दिसते. दिसली तर रजा संपायची वाट न पाहता कंपनीकडून संयुक्त घोषणापत्राद्वारे दुरुस्ती मागा.