सर्व्हर आठ बिटी झाले, तरी माइम का सुटत नाही

ईमेलमधून मराठी मजकूर किंवा फाइल जाते तेव्हा माइम ही रीत ती बांधून तिचा प्रकार सांगते, आणि बेस६४ तिचे बाइट साध्या अक्षरांत लिहितं. त्यावर अशी तक्रार ऐकू येते:

«माइम आणि बेस६४ म्हणजे जुन्या सात बिटी सर्व्हरांसाठी केलेली तडजोड. आता सगळे सर्व्हर आठ बिट सरळ नेतात. यूटीएफ-८ आल्यावर मराठीला वेगळं काही लागत नाही, आणि फाइलही आहे तशी पाठवता येईल. आपण उगाच ३३ टक्के वजन वाढवून पाठवतोय.»

पहिलं वाक्य इतिहास म्हणून बरंचसं खरं आहे. ऑगस्ट १९८२च्या आरएफसी ८२१ या प्रमाणाने सर्व्हरांमध्ये पत्र नेण्याची एसएमटीपी ही रीत ठरवली, तीत पत्र म्हणजे आस्की अक्षरांच्या ओळी. अक्षराला सात बिट, आठवा नेहमी शून्य. ओळ CR आणि LF या दोन बाइटांनी संपणार आणि ते धरून १००० बाइटांपुढे जाणार नाही. एका ओळीत नुसतं टिंब आलं की पत्र संपलं. जून १९९२मध्ये नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम मांडलं, तेव्हा यातला एकही नियम त्यांनी मोडला नाही. वाटेतले सर्व्हर होते तसेच राहिले, फक्त दोन टोकांचे मेल प्रोग्राम बदलले. तडजोड म्हणायची तर ती ही.

तिची गरज किती होती ते एका शब्दावर पाहता येतं. ‘मराठी’ यूटीएफ-८मध्ये लिहिला की पंधरा बाइट होतात:

```
E0 A4 AE  E0 A4 B0  E0 A4 BE  E0 A4 A0  E0 A5 80
```

आठवा बिट शून्य करणाऱ्या सर्व्हरमधून हे गेलं, की E0चं 60 होतं, A4चं 24, आणि वाचणाऱ्यापुढे हे येतं:

```
`$.`$0`$>`$ `%
```

शेवटच्या बाइटचं तर 00 होतं, ते पडद्यावर दिसतही नाही. बेस६४ हेच पंधरा बाइट तीन-तीनच्या गटांत घेतं, प्रत्येक गटाचे चोवीस बिट सहा-सहाच्या चार तुकड्यांत कापतं आणि प्रत्येक तुकड्याला एक साधं आस्की अक्षर देतं:

```
4KSu4KSw4KS+4KSg4KWA
```

देवनागरीची प्रत्येक खूण नेमकी तीन बाइटांची असल्यामुळे इथे म म्हणजे `4KSu`, र म्हणजे `4KSw` असा सरळ हिशेब लागतो. मेलचा मूळ मजकूर उघडल्यावर `4KS` आणि `4KW` पुन्हा पुन्हा दिसले, तर आत देवनागरी आहे असं खुशाल समजावं. एका बाइटची मोकळी जागा आली की गट सरकतात आणि नक्षी बदलते.

दुसऱ्या वाक्यात मात्र खरी चूक आहे. आठवा बिट खाणारे सर्व्हर आज क्वचितच भेटतात, हे मान्य. पण सर्व्हरांना आठही बिट नेण्याची मुभा देणारी सोय `8BITMIME` या नावाची आहे आणि ती माइममध्ये बांधलेल्या पत्रासाठीच आहे. जोडणीच्या सुरुवातीला येणाऱ्या `EHLO` या आज्ञेच्या उत्तरात सर्व्हर ती जाहीर करतो. तिने आठवा बिट मोकळा होतो, बाकी काही नाही. ओळीची मर्यादा तीच, ओळ संपवायची रीतही तीच.

फाइलीला हे नियम पाळता येत नाहीत. पीएनजी चित्राचे पहिले आठ बाइट बघा:

```
89 50 4E 47 0D 0A 1A 0A
```

ही सुरुवात मुद्दाम अशी निवडलेली आहे. आठवा बिट कापला तर 89चं 09 होतं आणि ते लगेच कळतं. 0D 0Aमधला 0D कुणी काढला, किंवा शेवटच्या एकट्या 0Aआधी कुणी 0D घातला, तर तेही कळतं. म्हणजे वाटेत ओळी ‘दुरुस्त’ होतील, हे चित्राचा साचा ठरवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. पुढच्या दाबलेल्या माहितीत बाइट जवळजवळ यादृच्छिक असतात, त्यामुळे सरासरी दर २५६ बाइटांत एक 0A येतो. २०० केबीच्या फोटोत असे साधारण ८०० होतील आणि त्यातल्या बहुतेकांच्या आधी 0D नसेल. एसएमटीपीला असा एकटा LF मुळीच चालत नाही. सर्व्हरने प्रत्येकाआधी CR घातला तर फोटो फुगून बिघडतो, नाहीतर पत्रच परत येतं.

हा नियम हळूहळू सैल होतोय असंही नाही. ओळीचा आणि पत्राचा शेवट वेगवेगळे सर्व्हर वेगवेगळा ओळखतात, याचा फायदा घेऊन एका पत्रात दुसरं बनावट पत्र लपवता येतं, हे डिसेंबर २०२३मध्ये उघड झालं. त्यानंतर पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये एकटा LF नाकारण्याची खास सेटिंग आली.

फाइल खरोखर आहे तशी नेणारी `BINARYMIME` ही सोयही २०००पासून ठरलेली आहे. पण ती वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरकडे लागते. एकाकडे नसेल तर पत्र तिथे रूपांतरित करावं लागतं किंवा परत पाठवावं लागतं, आणि रूपांतर झालं की पत्र वाटेत बदललं नाही हे पटवणारी पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही मोडते. म्हणून सही करण्याआधीच सगळं सात बिटी करून घ्या, असं डीकेआयएमचं प्रमाणच सुचवतं. बेस६४ टिकून राहण्याचं एक मोठं कारण आज हे आहे, १९८२चे सर्व्हर नव्हेत.

आता यूटीएफ-८. समजा पंधराही बाइट धक्का न लागता पोचले. ते यूटीएफ-८ आहेत हे वाचणाऱ्या प्रोग्रामला कोण सांगणार? त्याने विंडोज-१२५२ ही पश्चिम युरोपीय अक्षरांची जुनी सारणी धरली, तर तोच शब्द असा उमटतो:

```
à¤®à¤°à¤¾à¤ à¥€
```

ही खिचडी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिली असेल. अशी दिसली तर वाहतुकीला दोष देऊ नये, बाइट सगळे शाबूत आहेत. हरवली आहे किंवा चुकली आहे ती माइमची एक ओळ: `Content-Type: text/plain; charset=UTF-8`. फाइल जोडली असेल तर पत्र कुठे संपतं, फाइल कुठे सुरू होते, तिचं नाव काय, तिचा प्रकार कोणता, हेही माइमच सांगतं. तार कितीही स्वच्छ असली तरी ही माहिती तारेतून आपोआप उगवत नाही.

विषयाच्या ओळीची गोष्ट आणखी अवघड आहे, कारण `8BITMIME`ची सवलत तिला लागूच नाही. २०१२च्या `SMTPUTF8`ने तिथे उघड यूटीएफ-८ चालतं, पण तेही वाटेतल्या सगळ्यांनी मानलं तर. म्हणून नेहमीचं रूप असं:

```
Subject: =?UTF-8?B?4KSu4KSw4KS+4KSg4KWA?=
```

असा एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा नसावा. वेष्टनाची बारा वजा करून, चाराच्या पटीत, बेस६४साठी ६० उरतात. म्हणजे ४५ बाइट, म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजून देवनागरीच्या पंधरा खुणा. मराठी विषय सहज त्यापलीकडे जातो, मग दुसरा तुकडा सुरू होतो. अक्षर मधोमध तोडू नये असा नियम आहे, पण काही प्रोग्राम नुसते ४५ बाइट मोजून कापतात. एखाद-दुसरी मोकळी जागा आली की सुरी अक्षराच्या पोटात शिरते आणि लांब विषयाच्या मध्यावर � दिसतं. मजकूर ठीक आणि विषय फुटलेला, असं असेल तर पाठवणाऱ्याचा प्रोग्राम तपासावा.

वजनाची तक्रार खरी आहे, उलट आकडा कमीच धरलाय. दर ७६ अक्षरांनंतर CR LF येतात, त्यामुळे ५७ बाइटांचे ७८ होतात, म्हणजे सुमारे ३७ टक्के वाढ. २५ एमबीच्या मर्यादेत म्हणूनच जेमतेम १८ एमबीची फाइल मावते. पण हा खर्च बेस६४चा आहे, माइमचा नाही. ब्राउझरमधल्या फॉर्मवरून फोटो चढवताना `multipart/form-data` हे माइमचंच रूप वापरतात आणि तिथे बेस६४ नसतं, कारण एचटीटीपीला ओळींचं बंधन नाही.

मराठी पत्राचंच वजन खुपत असेल तर `Content-Transfer-Encoding: 8bit` लिहून मजकूर सरळ यूटीएफ-८मध्ये पाठवता येतो, `charset`ची ओळ तेवढी ठेवायची. टाळायचं ते `quoted-printable`. इंग्रजीत अधूनमधून एखादा वेगळा शब्द असेल तर ते स्वस्त पडतं, पण प्रत्येक आठ बिटी बाइटची ते तीन अक्षरं करतं. ‘मराठी’चे पंधरा बाइट बेस६४मध्ये वीस होतात, तिथे पंचेचाळीस.