‘बटणाची हौस’ आणि गळालेली कोथिंबीर

वाचकाची प्रतिक्रिया: “फ्रीजमधल्या खास मोडवरचा तुमचा लेख वाचला. ‘कन्व्हर्टिबल म्हणजे बटणाची हौस’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. गणपतीत दहा दिवस आम्ही फ्रीजरचा फ्रीज करून ठेवला. भाज्या, पेढे, नैवेद्याचं सगळं मावलं आणि त्या महिन्याचं बिल मे महिन्यापेक्षा ४० युनिटनं कमी आलं. वरच्या कप्प्यातली कोथिंबीर तेवढी काचेसारखी होऊन गळाली, पण तो कोथिंबिरीचा दोष. एक्स्प्रेस फ्रीझलाही तुम्ही उगाच नाक मुरडलंत. व्हेकेशन मोडवर तर एक ओळही नाही. आम्ही तो लावून गावाला गेलो, परत येईपर्यंत दूध-दही नासलं. स्वतः न वापरता लिहू नका, ही विनंती.”

नमस्कार. ‘हौस’ हा शब्द मागे घेतो. दहा दिवस घरात पाहुणे आणि खाली भाजी ठेवायला जागा नाही, अशा वेळी वरचे साठ-सत्तर लिटर कामाला आले तर ती सोयच आहे. पण कोथिंबिरीवर आळ घेऊ नका, बिचारी निर्दोष आहे.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुमचा फ्रीज एका कॉइलचा असावा. अशा फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये थंडावा एकाच ठिकाणी तयार होतो, फ्रीजरच्या मागच्या पॅनलआडच्या कॉइलवर. तिथला पंखा गार हवा आधी फ्रीजरमध्ये सोडतो आणि तिच्यातलीच थोडी एका झडपेतून खालच्या कप्प्यात जाते. कन्व्हर्टिबलचं बटण दाबल्यावर आत नवं यंत्र काही सुरू होत नाही. फ्रीजरच्या सेन्सरला उणे १८ ऐवजी साधारण ३ अंशांवर थांबायला सांगितलं जातं आणि झडप व पंखा त्या हिशेबानं चालतात. कॉइल मात्र शून्याच्या बरीच खालीच राहते, नाहीतर हवा गार होणार कशी? म्हणजे कप्प्याची सरासरी ३ अंश असली, तरी मागच्या जाळीतून येणारा झोत बर्फाळच असतो. तुमची जुडी त्या जाळीला टेकून असणार. पानांतलं पाणी गोठलं, पेशी फुटल्या आणि बर्फ उतरल्यावर पान पारदर्शक होऊन लोळलं. कोथिंबीर नुसती सडली असती, तर आधी पिवळी पडली असती, मग काळी आणि बुळबुळीत. काचेसारखी झाली म्हणजे गोठली, ही ओळखायची खूण.

दुसरं म्हणजे वर भाजीचा बंद ड्रॉवर नसतो. तिथली हवा सतत फिरत आणि कोरडी होत राहते. त्यामुळे पालेभाजी वर ठेवायचीच असेल, तर कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, दाराच्या बाजूला ठेवा. पेढे, बर्फी, नारळ, दुधाच्या पिशव्या यांना तो कप्पा उत्तम. दोन कॉइलच्या मॉडेलमध्ये खालच्या कप्प्याला स्वतःची कॉइल आणि पंखा असतो, त्यामुळे वरचा वास खाली येत नाही आणि खाली ओलावा जास्त टिकतो. त्याचे जास्तीचे पैसे मला तरी पटतात.

आता बिल. खोलीत २८ अंश आणि फ्रीजरमध्ये उणे १८, म्हणजे फरक ४६ अंशांचा. तोच कप्पा ३ अंशांवर आणला, की फरक २५ उरतो. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, त्यामुळे त्या कप्प्यापुरती ती जवळपास निम्म्यावर येते. बचत होते, यात वाद नाही. पण किती? समजा तुमच्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला २४० युनिट लिहिलेत. म्हणजे महिन्याला २०, दहा दिवसांना साडेसहा. त्यातला अगदी तिसरा हिस्सा वाचला म्हटलं, तरी दोन युनिटच्या आसपास. महिन्याला २० युनिट खाणारा फ्रीज ४० युनिट वाचवणार कुठून! तुमची तुलना मेशी आहे. गणपतीत पाऊस असतो, पंखे कमी फिरतात, एसी असेल तर तो बंद असतो. श्रेय त्यांचं. तुम्ही फ्रीजर वर्षभर फ्रीज करून ठेवणार असाल, तर गोष्ट वेगळी. पण मग बर्फाचं, आइस्क्रीमचं काय करणार ते आधी ठरवा. आणि परत फिरवताना घाई नको. माझ्या घरी रिकामा कप्पा पुन्हा उणे १८ वर यायला पाच तास लागले होते, भरलेला असता तर रात्र गेली असती.

एक्स्प्रेस फ्रीझवर मी नाक मुरडलं ते त्याच्या जाहिरातीवर. बटण दाबलं की कॉम्प्रेसर ठरावीक तास पूर्ण जोरात चालतो आणि फ्रीजर उणे १८ च्या खाली, समजा उणे २४ पर्यंत जातो. मटाराचं उदाहरण घेऊ. दाण्यांतलं पाणी साधारण उणे १ ला गोठू लागतं. दाणे आणि हवा यांच्यातला फरक १७ अंशांचा होता, तो २३ झाला. त्यामुळे गोठण्याचा वेळ फार तर पाव भागानं कमी होतो. तोच मटार चार इंच जाड पिशवीत कोंबण्याऐवजी इंचभर जाडीचा चपटा पसरलात, तर बटण न दाबताही आधीच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी वेळ लागतो, कारण उष्णतेला मधून बाहेर यायची वाटच छोटी होते.

शिवाय गरम माल आत गेला, की कॉम्प्रेसर तसाही न थांबता चालतो. त्यामुळे माल ठेवल्यावर बटण दाबण्यात फारसा अर्थ नाही. खरा उपयोग आधी दाबण्यात आहे. तीन किलो मटार सोलायचे असतील, तर आदल्या रात्री दाबा. आत आधीपासूनचा माल आणि भिंती जास्त गार होऊन राहतात आणि नवा माल आल्यावर जुन्या मालाचं तापमान फारसं चढत नाही. गोठताना उणे १ ते उणे ५ हा टप्पा लवकर पार झाला, की बर्फाचे कण बारीक राहतात आणि मटार शिजवताना लगदा होत नाही. त्यासाठी पिशव्या एकावर एक न रचता, मध्ये हवेला जागा सोडून ठेवा.

व्हेकेशन मोड माझ्या लेखातून सुटला, ही चूक कबूल. दूध नासलं, ते मात्र मोड नीट चालल्यामुळे. ज्या फ्रीजमध्ये तो खालच्या कप्प्यासाठी असतो, तिथे तो कप्पा १५ अंशांच्या आसपास सोडला जातो आणि फ्रीजर नेहमीसारखाच चालू राहतो. खालचा कप्पा रिकामा आहे असं गृहीत धरून ही रचना केलेली असते. पूर्ण बंद केलेल्या फ्रीजला आठ दिवसांनी जी कोंदट बुरशी येते ती टळावी, एवढाच त्याचा हेतू. काही मॉडेलमध्ये याच नावाखाली तापमान तसंच राहतं आणि फक्त डीफ्रॉस्टच्या फेऱ्या कमी होतात, कारण दार उघडणारं कोणी नसल्यानं बाहेरचा ओलावा आत येऊन कॉइलवर बर्फ धरत नाही. तुमच्यात कुठला आहे, ते पुस्तिकेत पाहा. पुस्तिका हरवली असेल, तर मोड लावून खाली पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

चार दिवसांसाठी जात असाल, तर हा मोड लावूच नका, फ्रीज नेहमीच्या सेटिंगवर राहू दे. पंधरा दिवसांसाठी जात असाल आणि वर फ्रीजरमध्ये आमरस, मासळी असं काही असेल, तर खालचा कप्पा रिकामा करून पुसून घ्या, मग मोड लावा. दही आणि दूध शेजारी द्या.