गादी निघते म्हणजे इनसोल बसतोच असं नाही

"टाच दुखते म्हणून मेडिकलमधल्या रेडिमेड इनसोलवर पैसे घालवू नका. पायाचा साचा घेऊन बनवलेला कस्टम इनसोल हाच खरा इलाज, तो पायाची कमान कायमची सुधारतो. आणि बुटातली गादी निघत असेल तर जागेची चिंताच नको, कुठलाही इनसोल बसतो."

साचे घेऊन इनसोल बनवणं हाच माझा रोजचा धंदा आहे. त्यामुळे हा मेसेज फिरण्यात माझा फायदाच आहे म्हणा. पण गेल्या महिन्यात तो तीन पेशंटनी मलाच दाखवला, म्हणून लिहितो.

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाचेत कळ येते, त्या दुखण्याबद्दल बोलू. तळव्याला एक जाड पट्टा असतो, तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथलं हे दुखणं. यावर १९९९ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३६ पेशंट, पाच गट. पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम सगळ्यांना सारखे. एका गटाला फक्त व्यायाम, तिघांना वेगवेगळे रेडिमेड इनसोल किंवा टाचेचे कप, आणि एकाला साचा घेऊन बनवलेले. आठ आठवड्यांनी टाचेखालच्या सिलिकॉन पॅडच्या गटात ९५ टक्के लोकांना बरं वाटलं, नुसत्या व्यायामाने ७२ टक्क्यांना आणि कस्टमवाल्यांत ६८ टक्क्यांना. आठ आठवडे हा काळ थोडा आहे, हे मान्य. मग ऑस्ट्रेलियातला २००६ चा अभ्यास बघा. १३५ लोक, वर्षभर पाठपुरावा, आणि आपल्या बुटात नेमकं काय आहे हे पेशंटला ठाऊक नाही. तीन महिन्यांनी रेडिमेड आणि कस्टम या दोन्ही गटांची चालफेर नुसत्या पातळ फोमच्या गटापेक्षा थोडी सुधारली होती, पण त्या दोघांत आपसात फरक नव्हता. वर्षअखेरीस तिन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी आले.

म्हणून साध्या टाचदुखीत मी आधी घट्ट फोमचा रेडिमेड इनसोल आणि पोटरीचे व्यायाम सांगतो. दाबला की बोटाखाली पापडासारखा सपाट होणारा जेल नको.

कमान कायमची सुधारण्याबद्दल फार लिहीत नाही. चष्म्याने नंबर जात नाही, तसंच हे. इनसोल पायाखाली असतो तोवर भार इकडचा तिकडे वळवतो, बूट काढला की काम संपलं. आपल्याकडे तर लोक घरात दिवसभर फरशीवर अनवाणी वावरतात. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो, की दिवसातून बूट किती तास पायात असतात? उत्तर 'ऑफिसला जाता-येता' असं आलं तर कस्टमवर खर्च करण्याआधी घरात घालायची जाड चप्पल घ्या म्हणून सांगतो.

कस्टम लागतोच असे पायही आहेत. कमान खूप उंच, तळवा जमिनीला फक्त टाच आणि चवड्यावर टेकतो, अशा दुखऱ्या पायांवर १५४ लोकांचा अभ्यास झाला आहे. त्यात कस्टमने वेदना ७४ टक्क्यांनी कमी झाली, नकली इनसोलने ४३ टक्क्यांनी. मधुमेहाने तळव्याची जाणीव गेलेली असेल, बोटं वाकडी असतील, आधी जखम होऊन गेली असेल, तर दुकानातला इनसोल स्वतःहून घालून बघू नका. त्याची कड टोचतेय हे त्या पायाला कळतच नाही.

आता जागेचं, कारण माझ्या टेबलावर परत येणारे बहुतेक इनसोल इथेच अडलेले असतात.

गादी निघते, म्हणजे गादीच्या जाडीएवढी जागा मोकळी होते, त्याहून जास्त नाही. ही जाडी टाचेखाली वेगळी असते, चवड्याखाली वेगळी. एक नर्स ताई आल्या होत्या. कस्टम इनसोल दुसरीकडून करून आणलेले, आणि तक्रार अशी की टाच बुटातून निसटते, दोन तासांत पायाचा वरचा भाग बधिर होतो. बूट ड्यूटीचे, पांढरे, लेस नसलेले. गादी काढून व्हर्नियरने मोजली, तर टाचेखाली ३ मिलिमीटर भरली. त्यांच्या इनसोलची टाचेखालची जाडी ८ मिलिमीटर: ३ चं कडक प्लास्टिक, २ चा खालचा ठोकळा, ३ चं वरचं कापड-फोम. म्हणजे टाच ५ मिलिमीटर वर उचलली गेली, आणि टाचेला मागून धरणारी बुटाची कडक भिंत तेवढी तोकडी पडली. चवड्याखाली फोम आणि गादी सारख्याच जाडीचे, म्हणून बोटांची तक्रार नव्हती. पण कमानीपाशी इनसोल सगळ्यात उंच, त्याने पाय वर ढकलला आणि वरून बुटाचा पट्टा बसला घट्ट. लेस असती तर सैल करता आली असती.

टाचेखालचा ठोकळा मी मशिनवर घासून काढला. २ मिलिमीटर कमी झाले. तरी त्या बुटात पायाचा वरचा भाग दाबला जातच होता. मग त्यांनी लेसचे बूट आणले, गादी ५ मिलिमीटरची. ६ वजा ५, टाच फक्त १ मिलिमीटर वर. निसटणं थांबलं. सहा आठवड्यांत दुखणंही बरंच उतरलं, पण ते इनसोलने की सोबत चाललेल्या व्यायामाने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

जाडी जुळली तरी तळ बघावा लागतो. गादी काढून आत हात फिरवा. काही बुटांत खालचा तळ कडेने वर वळलेला असतो. कडक इनसोल त्यावर नीट टेकत नाही, टाचेवर बोटाने दाबला की पुढून उचलतो आणि डुगडुगतो. बूट मधोमध, कमानीपाशी अरुंद असेल तर इनसोलच्या कडा भिंतीवर चढतात. आणि इनसोल पाऊण लांबीचा, म्हणजे चवड्याच्या मागे संपणारा असेल, तर पूर्ण गादी काढल्यावर त्याच्या टोकाशी पायरी तयार होते आणि नेमकी चवड्याखाली टोचते. अशा वेळी मी जुन्या गादीचा पुढचा भाग कापून परत आत ठेवतो. जुनी गादी तशीच ठेवून वर जाड इनसोल टाकणं हा मात्र हमखास बिघडणारा प्रकार.

रेडिमेड घेताना काढलेली गादी दुकानात सोबत न्या. इनसोल तिच्यावर ठेवून पुढून आखा आणि कापा, पायाच्या मापाने नको. शक्यतो संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. नेहमीचे मोजे घाला, दोन्ही बुटांत इनसोल टाका, उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बोटांवरचं बुटाचं कापड चिमटीत किंचित तरी यायला हवं. दहा पावलं चाला, मग चवड्यावर उभे राहा. टाच बुटासोबत वर आली तर ठीक, एकटीच वर आली तर तो इनसोल त्या बुटाचा नाही.

साचा द्यायला जाल तेव्हा रोजचे बूट पिशवीत घालून न्या. बूट न बघता साचा घेणारा माणूस ठोकळ्याची जाडी कशाच्या आधाराने ठरवणार आहे, हे त्यालाच विचारा.